लिश्मेनिया: दोन्ही स्लाइडवर एकच ठिपका, मग एकाची प्लीहा वाढते आणि दुसऱ्याच्या गालावर व्रण का?

वडगावकर_लॅब

नमस्कार मंडळी. मी बेळगावात डीएमएलटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरावासाठी दोन जुन्या स्लाइड मिळाल्या आहेत. पहिली अस्थिमज्जेची. रुग्ण मूळचा मुजफ्फरपूरकडचा, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. पाच आठवडे ताप आणि प्लीहा बरगडीखाली सहा सेंटिमीटर. दुसरी स्लाइड बिकानेरहून फरशीच्या कामाला आलेल्या माणसाच्या गालावरच्या व्रणाची. पहिलीच्या कागदावर लिश्मेनिया डोनोवानी लिहिलंय, दुसरीच्या कागदावर लिश्मेनिया ट्रोपिका.

मला दोन्हींत तेच दिसतं. गोल किंवा अंडाकृती, तीनेक मायक्रॉनचा अमॅस्टिगोट, आत जांभळट केंद्रक आणि शेजारी कायनेटोप्लास्टची गडद काडी. मग जात कशावरून ठरवली? पुस्तकातला शेपटीवाला प्रोमॅस्टिगोट एकाही स्लाइडवर का नाही? आणि जीव दिसायला एकच असेल तर आजार इतके वेगळे कसे होतात?

घटप्रभा

सोपं आहे की. वाळूमाशी चावताना त्वचेत प्रोमॅस्टिगोट सोडते. तो त्वचेतच राहिला तर व्रण होतो. त्याचा अमॅस्टिगोट होऊन रक्तावाटे आत गेला तर काला आजार. म्हणजे प्रोमॅस्टिगोट हे त्वचेच्या रोगाचं रूप आणि अमॅस्टिगोट हे आतल्या अवयवांचं. तुझी गालाची स्लाइड नीट बघ, कडेला शेपट्या सापडतील.

सूक्ष्मदर्शी

घटप्रभा, माशी प्रोमॅस्टिगोट सोडते हे तुमचं बरोबर आहे. पुढचं मात्र तसं नाही. त्वचेचा रोग असो की प्लीहेचा, माणसाच्या शरीरात आजार चालवणारं रूप अमॅस्टिगोटच. गालाच्या व्रणात शेपट्या शोधत तास घालवला तरी सापडणार नाहीत.

प्रोमॅस्टिगोट हे माशीच्या आतड्यातलं रूप. अंग लांबट, दहा ते वीस मायक्रॉनचं, पुढून निघालेली मोकळी कशाभिका, आणि कायनेटोप्लास्ट केंद्रकाच्या पुढच्या बाजूला. माशीच्या शरीराचं तापमान बाहेरच्या हवेइतकं असतं, म्हणून हे रूप २४ ते २६ अंशांना खुशाल वाढतं. आतड्यात साधारण आठवडाभरात त्यातले काही बारीक, चपळ आणि पुढे विभागणी न करणारे होतात. हेच मेटासायक्लिक प्रोमॅस्टिगोट, आणि संसर्ग करण्याची ताकद मुख्यतः यांच्यात. त्यांच्या अंगावरचा लायपोफॉस्फोग्लायकॅनचा थर जाड झालेला असतो, त्यामुळे रक्तातल्या कॉम्प्लिमेंटच्या माऱ्यातून ते वाचतात.

चावा झाला की आधी न्यूट्रोफिल आणि मग मॅक्रोफेज त्यांना गिळतात. मॅक्रोफेजच्या पचनाच्या पिशवीत जीवाला दोन गोष्टी एकदम जाणवतात, वाढलेली उष्णता आणि पाचाच्या आसपासचा आम्ल पीएच. या दोन खुणांवर तो काही दिवसांत गोल होतो, कशाभिका आखडून खळग्यात घेतो आणि अमॅस्टिगोट बनून तिथेच दुभंगू लागतो. पेशी फुटली की बाहेर पडतात ते अमॅस्टिगोट, शेजारची पेशी गिळते तेही अमॅस्टिगोट. परत शेपटी फुटते ती माशीने रक्त ओढल्यावर किंवा आपण नळीत वाढवल्यावर.

वडगावकर, स्लाइडवर जात ओळखता येत नाही. कागदावरची नावं एकतर पीसीआर करून लिहिलेली असणार, नाहीतर रुग्णाचं गाव आणि आजार पाहून. हे दुसरं भारतात बहुतेक वेळा बरोबर ठरतं, पण तो अंदाज आहे. कागदावर कोणत्या चाचणीवरून लिहिलंय ते शोधून काढा.

वडगावकर_लॅब

धन्यवाद ताई. कागदावर चाचणीचा उल्लेख नाही. पण एक अडलं. अमॅस्टिगोट दोन्हीकडे सारखाच, तर बिकानेरचा जीव प्लीहेत का जात नाही? मॅक्रोफेज तर तिथेही आहेत, उलट जास्तच.

सूक्ष्मदर्शी

हा खरा प्रश्न. प्रयोगशाळेत पेशीशिवाय नुसत्या माध्यमात अमॅस्टिगोट वाढवतात. पीएच दोघांना साडेपाचच्या आसपास देतात, पण तापमान वेगळं ठेवावं लागतं. डोनोवानीला ३७ अंश चालतात. त्वचेचा रोग करणाऱ्या मेक्सिकानाला मात्र ३२ ते ३४ वर ठेवतात. आता शरीराकडे बघा. गाल, नाक, मनगट, पायाची नडगी यांची त्वचा साधारण ३१ ते ३४ अंशांची आणि प्लीहा ३७ ची, ताप असेल तर ३९ ची. त्वचेच्या बऱ्याच जातींचे अमॅस्टिगोट ३५ च्या वर नीट वाढत नाहीत. म्हणून आत पोचले तरी तिथे संख्या वाढवू शकत नाहीत.

याचा उपचारातही उपयोग होतो. त्वचेच्या लिश्मेनियासाठी व्रणाला रेडिओफ्रिक्वेन्सी यंत्राने ५० अंश उष्णता ३० सेकंद देतात. बिकानेरला ट्रोपिकाच्या रुग्णांवर ही पद्धत वापरलेली आहे. भूल देऊन व्रणाची कडही त्यात घ्यावी लागते, कारण जीव मधल्या खपलीपेक्षा कडेला जास्त असतात.

तिळारीकाठ

तापमानाचं स्पष्टीकरण ऐकायला छान वाटतं, पण ते अर्धंच आहे. त्वचेचे जीव आत का जात नाहीत हे त्यातून कळतं. डोनोवानी त्वचा सोडून आत का जातो हे कळत नाही. त्याला ३३ अंशांची त्वचा वर्ज्य थोडीच आहे? काला आजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी अंगावर फिकट चट्टे आणि गाठी येतात, त्यात डोनोवानीच असतो. उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२२ मध्येच ते वर्णन केलंय. म्हणजे तो त्वचेत आरामात राहू शकतो.

उलटही घडतं. १९९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या काही अमेरिकन सैनिकांच्या अस्थिमज्जेत ट्रोपिका सापडला होता. त्यांना आतला, पण सौम्य आजार झाला होता. म्हणजे जात ठरली की आजार ठरला, असं पक्कं सूत्र नाही.

सूक्ष्मदर्शी

तिळारीकाठ, मान्य. तापमान ही आत वाढण्याची अट आहे, पुरेसं कारण नाही. जनुकांत शोधायला गेलं तर फरक अगदी थोडे सापडतात. मेजर, इन्फंटम आणि ब्राझिलिएन्सिस या लिश्मेनियाच्या तीन जातींचे संपूर्ण जीनोम २००७ मध्ये ताडून पाहिले, तेव्हा आठ हजारांहून अधिक जनुकांत एखाद्याच जातीत असणारी निघाली सुमारे २००.

सर्वांत जास्त अभ्यास झालाय ए-२ या जनुककुळाचा. डोनोवानीत त्याच्या अनेक प्रती असतात आणि ते अमॅस्टिगोट अवस्थेतच जोरात चालतं. त्याचं प्रथिन उष्णता आणि ऑक्सिडीकरणाचा ताण सोसायला मदत करतं. त्वचेचा रोग करणाऱ्या मेजरमध्ये ते मोडक्या अवस्थेत उरलंय. डोनोवानीत ए-२ कमी केलं की उंदराच्या प्लीहेत आणि यकृतात तो नीट टिकत नाही.

तिळारीकाठ

पण मेक्सिकानात ए-२ आहे आणि तो त्वचेचाच रोग करतो. मग ए-२ ला किल्ली कसं म्हणायचं?

सूक्ष्मदर्शी

किल्ली म्हणू नयेच. आत टिकायला ते लागतं, पण ते असलं म्हणून आत जातोच असं नाही. या वादात श्रीलंकेचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. तिथे त्वचेचा लिश्मेनिया सर्रास आढळतो आणि तो करणारा जीव डोनोवानीच आहे, बिहारमध्ये प्लीहा वाढवणारी तीच जात. तिथल्या आतल्या आजाराचा आणि त्वचेच्या आजाराचा जीव शेजारी ठेवून जीनोम तपासले, तेव्हा त्वचेच्या जीवात ए-२ च्या प्रती कमी आणि रॅग-सी नावाच्या प्रथिनात बदल आढळला. आतल्या आजाराच्या जीवातली ही जनुकं त्वचेच्या जीवात घातली की उंदराच्या प्लीहेत तो जास्त टिकला. म्हणजे जातीच्या नावापेक्षा त्या जातीतला वाण महत्त्वाचा ठरतो. बाकी माणसाची प्रतिकारशक्तीही आहेच. एचआयव्ही असलेल्या रुग्णात एरवी गप्प राहणारा संसर्गही आत पसरतो.

कणकुंबीचा_बाळू

हे माकडतापाबद्दल चाललंय काय? आमच्याकडे जंगलात जाणाऱ्यांना गोचीड चावून येतो तो? आणि माझ्या दंडावर चार महिन्यांपासून फिकट चट्टा आहे, खाजत नाही, दुखत नाही. वाचून भीती वाटली.

घटप्रभा

बाळूदादा, माकडताप वेगळा. तो विषाणूचा, गोचिडीमुळे होतो आणि अचानक जोराच्या तापाने सुरू होतो. इथला विषय वाळूमाशीचा. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असते, उडते कमी, टुणटुण उड्या मारते, आणि गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, शेणाच्या ओलसर मातीत वाढते.

त्वचा_ओपीडी

बाळूदादा, न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा आपल्या भागात असेल तर आधी कुष्ठरोग तपासायचा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळतो का, गरम-गार समजतं का, कोपरामागची नस जाड झालीय का, हे तिथे पाहतील. औषध मोफत मिळतं आणि लवकर सुरू केलं तर हाताची ताकद जात नाही. काला आजारानंतरच्या चट्ट्यांत स्पर्श शाबूत असतो, आणि असा रुग्ण बहुतेक वेळा पूर्व भारतातून आलेला किंवा तिथे राहिलेला असतो. तुम्ही कधी तिकडे राहिला होता का, तेही डॉक्टरांना सांगा.

वडगावकर, तुमच्या गालाच्या स्लाइडवर किती अमॅस्टिगोट दिसले? ट्रोपिकाचा जुना, कोरडा व्रण असेल तर संख्या कमी असते आणि नमुना चुकीच्या जागेवरून घेतला की शून्य.

वडगावकर_लॅब

डॉक्टर, अर्ध्या तासात चारच दिसले, त्यातले दोन पेशीबाहेर. सगळी स्लाइड लालसर आणि रक्ताने भरलेली आहे. अस्थिमज्जेच्या स्लाइडवर ३०० क्षेत्रं मोजली, ४५ सापडले.

त्वचा_ओपीडी

रक्त भरलंय म्हणजे घेताना चिमूट सैल पडली. व्रणाची कड ७० टक्के अल्कोहोलने पुसायची आणि अल्कोहोल पूर्ण वाळू द्यायचं. मग कडेची कठीण, उंचावलेली त्वचा अंगठा आणि तर्जनीत इतकी घट्ट धरायची की ती पांढरी पडली पाहिजे. १५ नंबरच्या पात्याने काही मिलिमीटर लांब चीर द्यायची, पातं आडवं करून चिरेची भिंत खरवडायची आणि निघणारा ऊतीचा रस स्लाइडवर पातळ पसरायचा. रस घेऊन होईपर्यंत चिमूट सोडायची नाही. मधल्या खपलीखालून घेतलं तर पू, जिवाणू आणि मेलेल्या पेशीच मिळतात.

वाळल्यावर मेथॅनॉलने पक्की करा. गिम्साचं १० टक्के द्रावण पीएच ७.२ च्या बफरमध्ये ताजं बनवून अर्धा तास ठेवा. लालसर रंगाचं कारण बहुतेक वेळा बफर आम्ल असणं हेच असतं. त्यात कायनेटोप्लास्ट फिका पडतो आणि मग कुठलाही ठिपका अमॅस्टिगोट वाटतो. धुवायलाही बोअरचं पाणी नको, तेच बफर वापरा.

सूक्ष्मदर्शी

पेशीबाहेरच्या त्या दोघांकडे पुन्हा बघा. केंद्रक आणि काडी, दोन्ही स्पष्ट दिसल्याशिवाय अमॅस्टिगोट मोजायचा नाही. प्लेटलेट पेशीवर पडली की हुबेहूब तशी वाटते, पण तिच्यात काडी नसते. मॅक्रोफेजच्या आत हिस्टोप्लाझ्मा बुरशीही याच आकाराची दिसते. तिच्याभोवती फिकं वलय असतं आणि कायनेटोप्लास्ट नसतो.

अस्थिमज्जेचं गणित असं. ३०० क्षेत्रांत ४५, म्हणजे दर दहा क्षेत्रांत दीड. शंभरच्या तैलभिंगातून दर दहा क्षेत्रांत एक ते दहा दिसले तर श्रेणी ३+. दर क्षेत्रात एक ते दहा असते तर ४+ झाली असती. ही श्रेणी मुळात प्लीहेच्या नमुन्यासाठी बनवलेली आहे, म्हणून अहवालात नमुना अस्थिमज्जेचा असल्याचं लिहा. अस्थिमज्जेत जीव सापडण्याची शक्यता प्लीहेपेक्षा कमी, पण रक्तस्रावाचा धोका फारच कमी. प्लेटलेट ४०,००० च्या खाली असताना प्लीहेत सुई घालूच नये.

घटप्रभा

मग एवढा खटाटोप कशाला? रक्तातली प्रतिपिंडं दाखवणारी आरके३९ ची पट्टी लावा, दहा-पंधरा मिनिटांत दोघांचंही उत्तर मिळेल.

त्वचा_ओपीडी

फाउंड्रीवाल्यासाठी पट्टी चांगली, कारण पाच आठवड्यांचा ताप आणि मोठी प्लीहा आहे. पण त्याला आधी कधी काला आजार झाला होता का, हे विचारायलाच हवं. बरा झाल्यावरही पट्टी कित्येक वर्षं पॉझिटिव्ह येते, मग आजचा ताप विषमज्वराचा किंवा क्षयाचा असला तरी फसायला होतं. कच्चं दूध पिणाऱ्यांत ब्रुसेलोसिसही लक्षात ठेवा. गालाच्या व्रणाला ही पट्टी उपयोगी नाही. त्वचेच्या आजारात प्रतिपिंडं फार कमी बनतात, पट्टी निगेटिव्ह आली म्हणून व्रण लिश्मेनियाचा नाही असं म्हणता येत नाही.

वडगावकर_लॅब

कल्चर करून शेपटीवाला जीव मिळवता येईल का? आमच्याकडे इन्क्युबेटर आहे.

सूक्ष्मदर्शी

जुन्या स्लाइडवरून नाही, ताज्या नमुन्यावरून. आणि तुमचा इन्क्युबेटर जिवाणूंसाठी ३७ वर लावलेला असणार, त्यात ठेवलं तर काहीच मिळणार नाही. नव्या माणसाकडून होणारी नेहमीची गडबड हीच. अमॅस्टिगोटला शेपटी फुटायला गारवा लागतो. बीओडी इन्क्युबेटर २४ ते २६ वर लावा. सशाच्या रक्ताच्या एनएनएन माध्यमात, उतरत्या आगरावर थोडा द्रव ठेवून त्यात नमुना टाकतात. पाचव्या-सातव्या दिवशी थेंब काढून ४० च्या भिंगाखाली बघा, वळवळणारे प्रोमॅस्टिगोट आणि त्यांचे फुलासारखे झुबके दिसतील. निगेटिव्ह म्हणण्याआधी चार आठवडे दर आठवड्याला तपासायचं. व्रणाच्या नमुन्यात जिवाणू येतातच, म्हणून द्रवात पेनिसिलिन आणि जेंटामायसिन घालावं लागतं. द्रव एका रात्रीत गढूळ झाला तर ते जिवाणू, लिश्मेनिया नव्हे.

पण कल्चरनेही जात कळत नाही. डोनोवानी आणि ट्रोपिकाचे प्रोमॅस्टिगोट भिंगाखाली वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी पीसीआर. तुमच्या जुन्या गिम्सा स्लाइडवरचा थर खरवडूनही डीएनए मिळू शकतो. आयटीएस-१ हा तुकडा वाढवून हे-थ्री एन्झाइमने कापतात. मेजरचे दोन पट्टे सुमारे २०० आणि १३० बेसचे येतात, तो लगेच ओळखू येतो. भारतात वेगळे करायचे असतात डोनोवानी आणि ट्रोपिका, आणि त्या दोघांचाही मोठा पट्टा सुमारे १८५ चाच. फरक फक्त खालच्या छोट्या तुकड्यांत. डोनोवानीत ७० च्या आसपासचा एक तुकडा जास्त असतो. दीड-दोन टक्क्यांच्या अगारोजवर ते तुकडे धूसर होतात आणि जात चुकते. तीन-चार टक्क्यांचं जेल हवं, नाहीतर तुकड्याचा सरळ क्रम वाचून घ्यावा. दोन्ही जातींचे ज्ञात नमुने शेजारच्या खणात हवेतच.

तिळारीकाठ

मला काळजी वेगळीच वाटते. केरळात तिरुवनंतपुरमजवळ, पश्चिम घाटातल्या कानी आदिवासींमध्ये त्वचेचा लिश्मेनिया सापडलाय आणि तो करणारा डोनोवानीच. डोनोवानी वाहणारी अर्जेंटिपेस माशी दक्षिण भारतात दूरवर आहे. उद्या खानापूर-चंदगडच्या घाटात कधीच बाहेर न गेलेल्या माणसाला असा व्रण झाला, तर गाव विचारून जात ठरवायची पद्धत चुकेल. कागदावर ट्रोपिका लिहिलं जाईल आणि डोनोवानी सुटेल.

त्वचा_ओपीडी

चुकेल हे खरं. पण त्वचेपुरता असलेला डोनोवानी पुढे त्याच माणसात प्लीहेकडे जाईल का, यावर आमच्यातही एकमत नाही. माझा कल असा की व्रणाचा उपचार करावा, सहा महिने दर भेटीत प्लीहा चाचपावी आणि तापाची चौकशी करावी. सगळ्यांना सरसकट अॅम्फोटेरिसिन देण्याला माझा विरोध आहे.

तिळारीकाठ

सहा महिने कमी वाटतात. काला आजारानंतरचे चट्टे वर्षांनी येतात, तर जीव उलट दिशेनेही तितकाच उशीर लावू शकतो.

सूक्ष्मदर्शी

ती दिशा वेगळी आहे, एकीवरून दुसरीची मुदत काढता येत नाही. पण वाणाची ओळख पटल्याशिवाय दोघांपैकी कुणाचंच म्हणणं तपासता येणार नाही. तेव्हा असा व्रण दिसलाच तर एकाच चिरेतून तीन गोष्टी घ्या. दोन पातळ स्लाइड, एनएनएनच्या नळीत थोडा रस आणि ऊतीचा कण शुद्ध इथेनॉलमध्ये. फॉर्मलिनमध्ये फक्त हिस्टोपॅथॉलॉजीचा तुकडा घाला, पीसीआरचा नको, त्यात डीएनए तुटतो. कल्चरची नळी बर्फात ठेवू नका, साध्या थर्मासमध्ये २५ अंशांच्या आसपास न्या. आणि नळीवर रुग्ण गेल्या दोन-तीन वर्षांत कुठे कुठे राहिला ते लिहा, नुसतं आजचं गाव नको.

वडगावकर_लॅब

दोन-तीन वर्षांचं का? माशी चावल्यावर व्रण यायला इतका वेळ लागतो?

त्वचा_ओपीडी

व्रण बहुधा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत येतो. प्लीहेच्या आजाराला साधारण दोन ते सहा महिने, कधी त्याहून बराच जास्त. तुमच्या फाउंड्रीवाल्याला ताप बेळगावात आला, पण माशी मुजफ्फरपूरला चावली असणार. तो शेवटचा गावी कधी गेला होता, हे त्या कागदावर आहे का बघा.